आजीवन क्रमांक

गेल्या वर्षी श्रावणात एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती म्हणाली, "मॅडम, तुमचं ते जुनं पान अजून दिसतं हं. फोटोत तुम्ही ओळखूच येत नाही." मी हसले, फोन ठेवला आणि मग बराच वेळ अस्वस्थ बसून राहिले. फोटोचे काही नव्हते. त्या पानामागे एक पेटी होती, खाजगी निरोपांची. ती मी जवळपास विसरले होते.

ते खाते मी २००८ साली उघडले होते. तेव्हा आम्ही चारपाच जण मिळून एक अनियतकालिक चालवत होतो आणि कविता लिहून ती आंतरजालावर टाकण्याचे नावीन्य अजून ओसरले नव्हते. मी टोपणनावाने लिहीत असे. आमच्यातला एक मित्र, जो अंकाची मुद्रिते तपासायचा आणि स्वतःच्या कविता मात्र कुणाला दाखवायचा नाही, तो त्या निरोपांच्या पेटीत मला लिहायचा. सुरुवातीला कवितांबद्दल, पुढे स्वतःबद्दल. त्याच्या घरात काय चालले आहे, रात्री झोप का लागत नाही, कोणत्या डॉक्टरांकडे तो कुणाला न सांगता जातो, हे सगळे तिथे होते. २०२१ मध्ये तो गेला. त्याची पत्नी आहे, मुलगा आता कॉलेजात आहे. त्याने माझ्यावर विश्वासून लिहिलेले ते शब्द कुठल्याशा परक्या यंत्रावर, मी वर्षानुवर्षे न उघडलेल्या खात्यात पडून होते. ते खाते पुसून टाकायचे, असे मी त्या संध्याकाळी ठरवले. अर्ध्या तासाचे काम वाटले होते.

पासवर्ड पहिल्याच प्रयत्नात बरोबर आला, याचे मलाच कौतुक वाटले. मग पडद्यावर दुसरी पायरी आली. शेवटी ८३ असलेल्या क्रमांकावर सहा अंकी कोड पाठवला आहे, तो येथे लिहा. मी सवयीने हातातला फोन पाहिला. काही नाही. साठ सेकंदांचा आकडा उलटा मोजत शून्यावर आला तशी मी 'पुन्हा पाठवा' दाबले. मग आणखी एकदा. रेंज नसेल, म्हणून गॅलरीत जाऊन उभी राहिले. चौथ्या वेळी खात्याने सांगितले की प्रयत्न फार झाले, आता चोवीस तासांनी या. तेव्हा कुठे मी ते दोन अंक नीट वाचले. माझ्या फोनच्या शेवटी ८३ नाही.

वास्तविक कोड न येण्याची कारणे शोधताना पहिल्यांदा पाहायला हवे ते हेच. रेंज, भरलेली संदेशपेटी, कंपनीकडचा उशीर या सगळ्या गोष्टी नंतरच्या. पडद्यावर क्रमांकाचे शेवटचे दोन अंक दाखवलेले असतात, आणि आपण ते वाचत नाही. कारण 'आपला क्रमांक' ही गोष्ट आपण आपल्या नावासारखी गृहीत धरलेली असते.

८३ हा माझा पहिला क्रमांक. २००६ मध्ये तासिका तत्त्वावर शिकवत असताना ९९९ रुपये भरून घेतलेला. तेव्हा 'लाइफटाइम' योजनांचा सुकाळ होता: एकदा पैसे भरा, येणारे फोन आजीवन चालू. आजीवन म्हणजे कुणाचे जीवन, हा प्रश्न तेव्हा मला सुचला नाही. पुढे कायमची नोकरी लागली, गाव बदलले, त्या गावात त्या कंपनीची रेंज धड नव्हती, म्हणून दुसरे सिम घेतले. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून होती, पण अर्ज करण्याचा आळस केला. जुने सिम टेबलाच्या खणात पडून राहिले. २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी येणारे फोन चालू ठेवण्यासाठीही किमान रिचार्ज मागायला सुरुवात केली, तेव्हा 'कोण करतो त्यावर फोन' असे म्हणून मी ते सोडून दिले. आपल्याकडे सलग नव्वद दिवस वापर नसलेला प्रीपेड क्रमांक कंपनीला बंद करता येतो. बंद झालेला क्रमांक निदान नव्वद दिवस दुसऱ्या कुणाला दिला जात नाही, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितले. म्हणजे बेफिकिरीपासून परक्या हातापर्यंतचे अंतर सहा महिने. माझ्या बाबतीत तर वर्षे उलटली होती.

आता गंमत अशी, की मी बेफिकीर नव्हते. २०१४ मध्ये आमच्या कॉलेजात संगणकसुरक्षेची एक कार्यशाळा झाली होती. तिथून घरी आल्यावर ही दोन पायऱ्यांची व्यवस्था मी मोठ्या उत्साहाने चालू केली होती. जे त्या दिवशी जांभया देत बसले होते, त्यांना आज नुसत्या पासवर्डवर आपले खाते पुसता आले असते!

दुसऱ्या दिवशी मी इतर दारे चाचपली. खात्याला जोडलेला ई-पत्राचा पत्ता विद्यापीठाच्या विभागाने दिलेला होता. विभाग सोडला तसा तो गेला. दहा आपत्कालीन कोडांची यादी छापून ठेवा, असे कार्यशाळेत सांगितले होते. ती मी छापली नव्हती. माळ्यावर जुना लॅपटॉप होता आणि त्यावर 'या संगणकावर पुन्हा विचारू नका' अशी खूण केल्याचे मला आठवत होते. तो चालू झाला खरा, पण आतली छोटी बॅटरी मेल्याने त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले होते. घड्याळ चुकले की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे त्याला खोटी वाटतात. तो एकही पान उघडेना. तारीख दुरुस्त केल्यावर पान उघडले, पण जुन्या ब्राउझरात ते पांढरे फटक दिसले. ती खूणही इतकी वर्षे टिकली नसतीच.

मग 'पासवर्ड विसरलात?' हा दुवा मी नुसता पाहावा म्हणून दाबला. पासवर्ड मी विसरले नव्हते. ते दार कुठे जाते हे बघायचे होते. त्याने विचारले, शेवटी ८३ असलेल्या क्रमांकावर कोड पाठवू का?

हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले. दोन पायऱ्यांमागची कल्पना साधी आहे. एक गोष्ट तुम्हांला ठाऊक असली पाहिजे, दुसरी तुमच्यापाशी असली पाहिजे. दोन्ही मिळाल्या तर दार उघडते. पण इथे पासवर्ड बदलण्याची किल्लीही त्याच क्रमांकावर जात होती आणि दुसरी पायरीही त्याच क्रमांकावर. म्हणजे ८३ ज्याच्याकडे असेल त्याला पासवर्ड ठाऊक असण्याची गरजच नाही. खात्याचे नाव कळले की पुरे, आणि नाव तर त्या पानावर ठळक अक्षरांत आहे. दोन कुलुपे दिसत होती, किल्ली एकच होती. माझ्यापाशी खरा पासवर्ड असून मी बाहेर, आणि ज्याला तो ठाऊकही नाही असा कुणी हवे तेव्हा आत. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या दोन अभ्यासकांनी २०२१ मध्ये अमेरिकेतले असे २५९ क्रमांक तपासले, जे नव्या ग्राहकांना देण्यासाठी कंपन्यांनी खुले ठेवले होते. त्यांतले १७१ प्रसिद्ध संकेतस्थळांवरच्या कुणाच्या ना कुणाच्या खात्याला अजून जोडलेले निघाले. ही माझ्या एकटीच्या वेंधळेपणाची गोष्ट नव्हे, एवढेच समाधान.

'शाकुंतल' मी पंधरा वर्षे शिकवते आहे. पाचव्या अंकात शकुंतला दरबारात उभी राहते, बोटाकडे हात नेते आणि अंगठी नाही. शचीतीर्थावर पाण्याला वंदन करताना ती गळून पडलेली असते. मग ती राजाला आठवण सांगते: दीर्घापांग नावाचे हरणाचे पाडस तुमच्या हातून पाणी प्याले नाही, माझ्या हातून प्याले, तेव्हा तुम्ही थट्टेने काय म्हणालात. दोघांनाच ठाऊक असलेली ही गोष्ट. राजा ती ऐकतो आणि स्त्रियांच्या चतुराईत जमा करतो. आणि अंगठी? ती कोळ्याला माशाच्या पोटात सापडते; तो ती विकायला जातो आणि शिपाई त्याला चोर म्हणून धरतात. वर्गात आपण दुष्यंत, शाप आणि विस्मृती यांवर बोलतो. त्या कोळ्याकडे मी कधी नीट पाहिलेच नव्हते. त्याने काय केले होते? नदीत जाळे टाकले होते.

माझा कोळी कोण, हे पाहण्यासाठी मी ८३ ला फोन लावला. क्रमांक अस्तित्वात नाही असे उत्तर आले असते तर तो अजून कंपनीच्या ताब्यात आहे असे समजले असते. पण घंटा वाजली.

एका बाईंनी फोन उचलला. मी नाव सांगितले, हा क्रमांक पूर्वी माझा होता म्हणाले. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "म्हणजे पुस्तकप्रदर्शनाचे मेसेज तुमचे होय?" बाई सिन्नरजवळच्या. बचतगटात पापड-लोणची करतात. हे सिम तीन वर्षांपूर्वी घेतलेले. पहिले वर्षभर 'मॅडम आहेत का' असे फोन यायचे. एकदा कुणी रडत फोन करून कुणीतरी गेल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी समजूत काढून "ताई, हा त्यांचा नंबर नाही" एवढे सांगितले होते. हे कुणाचे रडणे होते ते मला आजही कळलेले नाही. आणि परवा रात्री अकरा वाजता लागोपाठ कोड आले तेव्हा त्या घाबरल्या होत्या. "म्हटलं, बँकेतले पैसे गेले." माझे ते 'पुन्हा पाठवा, पुन्हा पाठवा' तिकडे काय करत होते हे तेव्हा समजले. मी माफी मागितली.

आता जे मागायचे ते मागण्याची वेळ आली. मी म्हणाले, ताई, मी पुन्हा एक कोड पाठवते, तो तुम्ही मला वाचून दाखवाल का? वाक्य तोंडातून बाहेर पडत असतानाच ते मला ऐकू येत होते. गोड बोलणारी एक सुशिक्षित बाई अनोळखी बाईला फोन करते, आधी ओळख काढते, मग कोड मागते. फसवणूक करणारे याहून वेगळे काय बोलतात? माझे खरेपण दाखवणारे एकही अक्षर त्या वाक्यात नव्हते.

"नाही हो मॅडम," त्या म्हणाल्या. "कोड कुणालाबी द्यायचा नाही, असं मीटिंगमध्ये बँकेच्या साहेबांनी सांगितलंय. तुम्ही खऱ्या असाल, पण मी नाही देणार."

मी म्हणाले, देऊ नकाच. आणि ते मी मनापासून म्हणाले.

त्यांचीही एक तक्रार होती. मुलीने याच संकेतस्थळावर पापडांचे पान उघडायला घेतले तर 'हा क्रमांक आधीच वापरात आहे' असे उत्तर येई. मुलीने दुकानात जाऊन विचारले, दुकानदार म्हणाला, सिम तुमच्याच नावावर आहे. तेही खरेच होते. "तुमचं तिथनं निघालं की आमचं होईल ना?" त्यांनी विचारले. हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मी त्यांच्या वाटेत बसले होते, तितक्याच त्या माझ्या.

त्यानंतरचे दोन महिने पत्रव्यवहारात गेले. मदतकक्षाच्या अर्जाला ठरीव उत्तर आले की खाते पुसण्यासाठी प्रथम खात्यात प्रवेश करा. प्रवेश करता येत नाही असे कळवले, तर प्रवेशाच्या अडचणींसाठी जोडलेल्या क्रमांकावरचा कोड वापरा. मग एका सहकाऱ्याने सांगितले की भारतात चालणाऱ्या अशा संकेतस्थळांना २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचे नाव-पत्ता पानावर द्यावा लागतो. पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, तो होता. मी त्याला लिहिताना एक गोष्ट मुद्दाम केली. मला प्रवेश द्या, असे म्हटले नाही. प्रवेश मागणारा चोर असू शकतो. मी लिहिले की हा क्रमांक आज दुसऱ्या व्यक्तीच्या नावावर आहे, तो खात्यावरून तोडा आणि खाते पुसा. क्रमांक कधी घेतला, कधी सुटला, खाते साधारण कोणत्या महिन्यात उघडले, दोन पायऱ्या कधी चालू केल्या, हेही लिहिले.

उत्तर माणसाने लिहिलेले होते, हे त्यातल्या एका शुद्धलेखनाच्या चुकीवरून कळले. खात्यावरचे नाव असलेले सरकारी ओळखपत्र पाठवा. खात्यावर टोपणनाव! मराठी कवितेला टोपणनावांचे वावडे कधी नव्हते. केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज ही नावे आपण खऱ्या नावांहून जास्त ओळखतो. पण त्या नावांची ओळखपत्रे निघत नाहीत. २०२३ च्या विदासंरक्षण कायद्यात कलम १२ अन्वये आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क लिहिलेला आहे. तो 'मी'ला आहे, आणि हा 'मी' कोण हे सिद्ध करण्यासाठी माझ्याकडे हरणाच्या पाडसाची गोष्ट तेवढी होती. रागावण्यातही अर्थ नव्हता. उद्या कुणी माझ्या नावाने असेच पत्र लिहिले आणि त्यांनी खाते पुसून टाकले, तर?

पुरावा सापडला तो कपाटाच्या खालच्या कप्प्यात. २००९ चा एक दिवाळी अंक, ज्यात माझ्या दोन कविता आल्या होत्या. शेवटी 'या अंकाचे लेखक' असे पान. त्यावर माझे टोपणनाव, कंसात खरे नाव, तेव्हाचा पत्ता आणि पूर्ण दहा अंकी क्रमांक, शेवटी ८३. आपल्याकडचे संपादक लेखकांचे पत्ते आणि फोन छापतात याला मी कित्येकदा नाके मुरडली आहेत. मुखपृष्ठ, ते पान आणि माझे ओळखपत्र असे तिन्ही मी स्कॅन करून पाठवले. क्रमांकाच्या नव्या मालकीण बाईंचे नाव मात्र कुठेही लिहिले नाही.

नऊ दिवसांनी उत्तर आले. क्रमांक तोडला आहे, नवा ई-पत्राचा पत्ता जोडला आहे, आता प्रवेश करा.

आत गेल्यावर पुसण्याचे बटन शोधायला पाच मिनिटे लागली. त्याने सांगितले की खाते आजपासून बंद होईल आणि तीस दिवसांनी कायमचे पुसले जाईल. मधल्या काळात पुन्हा प्रवेश केलात तर विनंती रद्द समजू. त्याआधी आपल्या मजकुराची प्रत उतरवून घ्यायची आहे का? माझ्या कवितांची प्रत मी घेतली. निरोपांसमोरच्या चौकटीवर मात्र हात थांबला. ते शब्द माझे नव्हते, त्याने मला दिलेले होते. उतरवून घेतले तर ते पुन्हा कुठल्यातरी यंत्रावर राहतील आणि एक दिवस माझाही क्रमांक सुटेल. शेवटचा निरोप तेवढा वाचला. २०१३ मधला. त्यात त्याने एका शब्दाच्या ऱ्हस्व-दीर्घाबद्दल विचारले होते आणि मी उत्तर दिलेले दिसत नव्हते. मी चौकट मोकळी ठेवली.

एक मात्र खरे, की मी त्याला लिहिलेले निरोप यामुळे गेले नाहीत. ते त्याच्या पेटीत आहेत, आणि त्याचे खाते तसेच आहे. त्याचा क्रमांक आज कुणाकडे आहे हे मला ठाऊक नाही. त्याच्या पत्नीशी त्याबद्दल बोलायला हवे. अजून बोलले नाही. काय लिहिले होते असे तिने विचारले तर काय सांगावे, हे ठरत नाही.

त्या तीस दिवसांत माझ्या उरलेल्या खात्यांचा मी हिशेब केला. बँक, गॅस, पुस्तकांचे दुकान, विद्यापीठाचे परीक्षेचे पोर्टल, अशा अकरा ठिकाणी ८३ निघाला. जिथे सोय होती तिथे कोड देणारे ॲप लावले. त्याला सिम लागत नाही. नोंदणीच्या वेळी फोनमध्ये एक गुपित ठेवले जाते आणि ते गुपित व घड्याळ यांवरून दर तीस सेकंदांनी सहा अंक तयार होतात. फोनच हरवला तर तेही जाते, म्हणून या वेळी आपत्कालीन कोड छापले आणि मोल्सवर्थच्या कोशात ठेवले. कुठल्या पानात ते लिहीत नाही.

एकतिसाव्या दिवशी सिन्नरला फोन लावला. मुलीने उचलला, लगेच करून पाहिले आणि ओरडून सांगितले की झाले, पान उघडले. मग बाई आल्या. पापड पाठवू का म्हणाल्या, मी पैसे देऊन घेईन म्हणाले, त्यावर थोडी ओढाताण झाली.

"बरं, मॅडम," फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "तुमचे फोन अजून येतात अधूनमधून. आले तर काय सांगू?"

मी त्यांना माझा नवा क्रमांक सांगितला. त्यांनी तो दोनदा परत म्हणून घेतला, मुलीला भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला सांगितला आणि नावापुढे काय लिहू असे विचारले. मी खरे नाव सांगितले. मग थोडे थांबून दुसरेही.